फॅमिली प्लॅनमधून काढलं म्हणून प्लेलिस्ट जात नाहीत

"स्पॉटिफायच्या फॅमिली प्लॅनमधून काढलं की प्लेलिस्ट, लाइक केलेली गाणी सगळं उडतं. डाउनलोड केलेलं तेवढं फोनमध्ये राहतं. म्हणून बाहेर पडण्याआधी सगळं डाउनलोड करून ठेवा!"

असा एक मेसेज फिरतो. खरं चित्र जवळपास उलटं आहे.

आधी प्लेलिस्ट आणि लाइक. फॅमिली प्लॅनमध्ये प्रत्येकाचं खातं स्वतंत्र असतं. प्लॅन चालवणारा पैसे भरतो आणि सदस्य जोडतो-काढतो, एवढंच. समजा, मुलगी नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला गेली. सगळे एकाच पत्त्यावर राहायला हवेत, अशी या प्लॅनची अट आहे, म्हणून बाबांनी तिला काढलं. तिचं खातं बंद होत नाही, प्रीमियमवरून फ्रीवर येतं. प्लेलिस्ट, लाइक्ड साँग्ज, फॉलो केलेले कलाकार जागच्या जागी असतात. फक्त मध्ये जाहिराती येतात आणि फ्रीच्या मर्यादा लागतात.

मग लोकांचं "उडतं" कसं? बहुतेकदा दोन कारणांनी. एक, घरातले सगळे बाबांच्याच लॉगिनवर ऐकत होते. मग त्या प्लेलिस्ट बाबांच्या खात्याच्या. मुलीने नवं खातं काढलं की ते कोरंच असणार. दुसरं, खातं फेसबुकने उघडलेलं असतं आणि नव्या फोनवर घाईत गूगलचं बटण दाबलं जातं. त्यातून दुसरंच रिकामं खातं तयार होतं. spotify.com/account वर जाऊन युजरनेम आणि ईमेल पाहा, लगेच कळेल. जुन्या खात्याने लॉगिन केलं की सगळं समोर. प्लेलिस्ट चुकून डिलीट केली असेल, तर त्याच पानावर Recover playlists आहे. 90 दिवसांच्या आत परत मिळते.

आता डाउनलोड. जाते ती हीच गोष्ट. डाउनलोड केलेलं गाणं म्हणजे एमपीथ्री नव्हे. ती कुलूपबंद फाइल आहे, ॲपबाहेर वाजत नाही आणि किल्ली प्रीमियमकडे. प्रीमियम असतानाही 30 दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, ते याच तपासणीसाठी. फ्रीवर आलात की गाणी ऑफलाइन वाजणार नाहीत. पॉडकास्ट मात्र फ्री खात्यावरही डाउनलोड करता येतात. त्यामुळे निघण्याआधी रात्रभर वायफाय लावून गाणी उतरवणं निव्वळ वाया. त्या वेळात आपलं लॉगिन कुठल्या ईमेलवर आहे ते बघा आणि पासवर्ड लावून घ्या. पुढे स्वतःचं प्रीमियम घेतलंत, तर त्याच खात्यावर घ्या. गाणी पुन्हा उतरवावी लागतील, यादी नव्याने करावी लागणार नाही.

हा मेसेज ॲपल म्युझिकबद्दल असता, तर पहिलं वाक्य मी इतक्या सहज खोडलं नसतं. तिथे स्पॉटिफायसारखं फ्री खातं नाही. वर्गणी संपली की सिंक केलेली लायब्ररी दिसेनाशी होते आणि डाउनलोडही जातात. आयट्यून्सवर स्वतः विकत घेतलेली गाणी मात्र तुमचीच राहतात.