पानाचा फोटो आणि ‘मुलाला समजेल असं सांगा’

चाचणी परीक्षा जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुस्तकाच्या पानांचे फोटो येऊ लागतात. खाली एकच ओळ असते, “ताई, हे मुलाला समजेल असं सांगा ना.” मी विज्ञान शिकवते, त्यामुळे बहुतेक फोटो माझ्याकडेच वळतात. पण मूल कितवीत आहे आणि त्याला आत्ता काय वाटतंय, हे कळल्याशिवाय पान समजावायला घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

परवाचं पान बाष्पीभवनाचं होतं. वर व्याख्या, मध्ये आकृती आणि खाली प्रश्न: माठातले पाणी थंड का राहते? मुलगी सहावीतली. आईने तिला आधी सांगितलं होतं की सूर्य पाणी पितो, म्हणून पाणी उडून जातं. मुलगी म्हणाली, “पण आपला माठ तर स्वयंपाकघरात आहे, तिथे ऊन कुठे येतं?”

मुलीचा प्रश्न एकदम बरोबर होता. सूर्य पाणी पितो हे ऐकायला गोड आहे, पण मग रात्री दोरीवर कपडे कसे वाळतात? पंख्याखाली का वाळतात? ज्या गोष्टीतून पुढच्या प्रश्नाचं उत्तर निघत नाही, ती कितीही सोपी वाटली तरी मुलाला सांगू नये. व्याख्येतले अवघड शब्द काढून सोपे घालणं हीसुद्धा पळवाटच. ‘रूपांतर’च्या जागी ‘बदल’ म्हटलं म्हणून पाणी हवेत का जातं, हे कळत नाही.

म्हणून आधी मुलालाच एक प्रश्न विचारायचा. ओट्यावर सांडलेलं पाणी पुसलं नाही तर ते कुठे जातं? तिसरीतलं मूल बहुधा म्हणतं, “संपलं” किंवा “ओट्यात मुरलं.” सहावीतलं मूल सफाईदारपणे सांगतं, “वाफ होऊन ढगात गेलं.” तिथेच थांबू नका. विचारा, “गॅस तर पेटवलाच नव्हता, मग वाफ कशी झाली?” बहुतेक मुलं इथे गप्प होतात. उकळणं आणि वाळणं त्यांच्या डोक्यात एकच झालेलं असतं. वाफ म्हणजे १०० अंश, एवढंच पाठ. (आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, हे जाता जाता.)

तिसरीतल्या मुलाला एवढंच पुरे: पाणी संपत नाही, ते हवेत जातं आणि तिथे ते डोळ्यांना दिसत नाही. कण, उष्णता, काही नको. दोन रुमाल सारखेच भिजवा, एक पसरून टाका, एक घडी करून ठेवा, आणि कुठला आधी वाळेल ते त्याला आधीच सांगायला लावा. फक्त एक सांभाळा. कुकरच्या शिट्टीतून येणारा पांढरा लोट दाखवून “ही बघ वाफ” म्हणू नका. जो पांढरा दिसतो तो पाण्याच्या बारीक थेंबांचा असतो. लांबून नीट पाहिलं तर शिट्टीच्या अगदी तोंडाशी थोडी मोकळी जागा दिसते, खरी वाफ तिथे असते. ‘वाफ पांढरी असते’ हे एकदा डोक्यात बसलं, की ‘हवेत पाणी आहे पण दिसत नाही’ हे मुलाला पटत नाही.

सहावीत मात्र कणांपर्यंत जायलाच हवं, नाहीतर माठ सुटतच नाही. मी त्या मुलीला असं सांगितलं: पाण्याचे कण सतत हलत असतात, काही हळू, काही जोरात. पृष्ठभागावरचे जे सगळ्यात जोरात असतात तेच निसटून हवेत जातात. आता तुझ्या वर्गातली सगळ्यात उंच मुलं बाहेर गेली, तर उरलेल्यांच्या सरासरी उंचीचं काय होईल? “कमी होईल.” तसंच जोरातले कण गेले की उरलेल्या पाण्यातला सरासरी जोर कमी होतो, आणि तेच आपल्याला गार लागतं. माठ सच्छिद्र असतो, पाणी झिरपून बाहेरची बाजू ओली राहते आणि तिथून हे चालू राहतं. त्यासाठी ऊन लागत नाही. हा दाखला कुठे अपुरा पडतो तेही मी तिला सांगितलं. मुलांची उंची बदलत नाही, पण कण एकमेकांवर आपटून जोर देतात-घेतात, आणि बाहेरच्या हवेतून उष्णताही आत येत राहते. म्हणून माठ एका मर्यादेपर्यंतच थंड करतो.

मग तिने एक प्रयोग केला. साधा तापमापक घ्यायचा, तापाचा नाही, कारण तो खोलीचं तापमान दाखवायला बनलेलाच नसतो. पंख्यासमोर कोरडा तापमापक धरला तर पारा जवळपास जागचा हलत नाही. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की पारा खाली सरकतो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी पुण्यात हा फरक १० अंशांच्याही वर जातो, जुलैच्या पावसात दोन-तीन अंशांवर येतो. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की जेवढे कण बाहेर जातात जवळपास तेवढेच परत येतात. पावसाळ्यात कपडे का वाळत नाहीत आणि माठ का रुसतो, दोन्हींचं उत्तर इथेच. वेधशाळेत हवेतला दमटपणा मोजायला कोरडा आणि ओला तापमापक शेजारी शेजारी ठेवतात, तेही याच कारणाने.

एवढं झाल्यावर मी ‘बाष्पीभवन’ हा शब्द दिला. परीक्षेत तो लिहावाच लागतो, टाळून चालत नाही, पण आधी घडलेलं दिसलं की शब्दाला काहीतरी चिकटतं. कुठले शब्द मुलाला आधीच माहीत आहेत हे बघायचं असेल तर ebalbharati.in वर मागच्या इयत्तेचं पुस्तक उघडून तोच विषय शोधा. मी नेहमी तिथूनच सुरुवात करते.

दहावीच्या आसपासच्या मुलाला याच माठातून आकडा काढायला लावते. साध्या तापमानाला एक ग्रॅम पाणी उडून जायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. माठात दहा लिटर पाणी आहे आणि बाहेरून १०० ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला, उडून गेलं असं धरा. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड व्हायला त्यातून एक कॅलरी जावी लागते, म्हणून ५८,००० कॅलरी भागिले १०,००० ग्रॅम, म्हणजे जवळपास सहा अंश. बाहेरून काहीच उष्णता आत आली नाही असं धरलं तर. प्रत्यक्षात येते, म्हणून उतार त्याहून कमी. सहावीत हा हिशेब घुसडला असता तर मुलीने आकडे पाठ केले असते आणि माठ विसरली असती.

समजलं का, असं विचारलं की मुलं “हो” म्हणतात. त्याऐवजी नवी अडचण द्या. मी तिला विचारलं, माठाला बाहेरून ऑइलपेंट लावला तर? ती जरा थांबून म्हणाली, “मग ओलं होणार नाही, म्हणजे गार पण नाही होणार.” हे वाक्य पुस्तकाच्या पानावर कुठेच नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो टाकाल तेव्हा सोबत इयत्ता लिहा, आणि त्या पानावरचा प्रश्न मुलाला आधी विचारून त्याने दिलेलं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. चुकलेलं असेल तर दुरुस्त न करता, जसंच्या तसं.