साठ टक्केवाल्या कीबोर्डवर अॅरो असतात, फक्त एफएन चुकीच्या जागी असते

साठ टक्केवाल्या, म्हणजे एफ-रांग, अॅरो आणि नमपॅडच्या वेगळ्या की काढून टाकलेल्या छोट्या कीबोर्डबद्दल एका पोस्टमध्ये वाचलं: «साठ टक्केवाला कीबोर्ड घेऊ नका. अॅरो नाहीत, एफ-की नाहीत, बायोसमध्ये तर जाताच येत नाही, सिम्बॉल शोधत बसायचं आणि साध्या गोष्टीला दोन हात लागतात. नुसता शो आहे.»

दोन हातांपासून सुरू करतो, कारण बाकीची चिडचिड बहुतेक तिथूनच आलीये. बऱ्याच बोर्डांवर एफएन उजवीकडे खाली कोपऱ्यात असते आणि अॅरो दिलेले असतात आय-जे-के-एल वर, म्हणजे दोन्ही कामं एकाच हाताला, मग डावा हात उचलून पलीकडे न्यायचा आणि एक ओळ खाली जायला अख्खी कसरत. हा दोष त्या मांडणीचा आहे, लेयरचा, म्हणजे एफएन धरल्यावर त्याच की ना मिळणाऱ्या दुसऱ्या कामांचा नाही. जपानच्या पीएफयूचा हॅपी हॅकिंग कीबोर्ड १९९६ पासून अॅरोच्या वेगळ्या की शिवाय येतोय, त्यात एफएन उजव्या शिफ्टच्या शेजारी आणि अॅरो चौकटी कंस, अर्धविराम, अवतरण आणि स्लॅशच्या की वर, सगळं एकाच हातात बसतं, करंगळी मात्र चांगलीच ताणली जाते.

मला त्याहून बरा वाटतो तो उपाय म्हणजे कॅप्स लॉकला एफएन करणं. बोर्डला व्हीआयए, म्हणजे की ची कामं बदलायचं अॅप, चालत असेल तर `usevia.app` उघडा, बेस लेयरवर, म्हणजे नेहमीच्या मांडणीत, कॅप्सच्या जागी `MO(1)` टाका, म्हणजे ती धरली असेपर्यंत लेयर १ चालू, मग लेयर १ वर आय-जे-के-एल ला अॅरो, यू ला होम, ओ ला एंड, बॅकस्पेसला डिलीट. सेटिंग बोर्डातच साठतं, ऑफिसच्या मशिनला लावला तरी तसंच.

आता खरा अडतो तो मुद्दा, जो मूळ पोस्टमध्ये आलाच नाहीये: शब्द सिलेक्ट करायचे असतील तर कंट्रोल-शिफ्ट-अॅरो लागतं आणि डावी करंगळी तर कॅप्सवर अडकलेली. म्हणून लेयर १ वरच डी ला शिफ्ट आणि एफ ला कंट्रोल देऊन टाका. करंगळी कॅप्सवर, मधलं बोट डी वर, तर्जनी एफ वर धरून ठेवा आणि उजव्या हाताने जे दोनदा दाबा, मागचे दोन शब्द सिलेक्ट. हात जागचा हलत नाही, मोठ्या कीबोर्डवर याच कामाला उजवा हात अॅरोपर्यंत जाऊन परत यावा लागतो.

एक सापळा आहे. काहीजण हौसेने स्पेसबारलाच `LT(1, KC_SPC)` देतात, टॅप केलं की स्पेस, धरलं की लेयर. भरभर टाइप करताना स्पेस सोडायच्या आत पुढचं अक्षर दाबलं गेलं की स्पेस गायब आणि कर्सर भलतीकडे, असं होत असेल तर हात नाही, ती सेटिंग चुकतेय. कॅप्सवर साधं `MO(1)` असलं की हा प्रकारच नाही.

एफ-की मध्ये पाठ करण्यासारखं काहीच नाही. एफएन आणि १ म्हणजे एफ१, तसंच ० ला एफ१०, पुढच्या दोन की ना एफ११, एफ१२. बायोसचं म्हणाल तर लेयर बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये असतो, कॉम्प्युटरला थेट एफ२ चाच कोड मिळतो, त्यामुळे केबल लावलेली असेल तर चालतं. ब्लूटूथवर किंवा विंडोजमधल्या रिमॅपवर विसंबलात तर नाही चालणार, आणि पोस्टवाल्याचं बहुधा तेच झालं असावं.

सिम्बॉलबद्दल तर उगाच ओरड आहे. कंस, बॅकस्लॅश, अवतरण सगळं जागच्या जागी, जागा गेली ती एकट्या बॅकटिक-टिल्डच्या की ची, कारण तिथे एस्केप बसलं. इनस्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्यांना तर ती लागतच नाही, तिथे ॊ आणि ऒ असतात. कोड लिहिणाऱ्यांना लागते. बोर्डातल्या क्यूएमके फर्मवेअरचं `QK_GESC` टाकलं की नुसतं दाबल्यावर एस्केप, शिफ्टसोबत टिल्ड, आणि नुसता बॅकटिक लेयर १ वर `KC_GRV` म्हणून ठेवायचा. पण मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडत नाही, कारण शिफ्ट दिसली की बोर्ड टिल्ड पाठवतो. फर्मवेअर स्वतः बनवत असाल तर `config.h` मध्ये एवढी ओळ पुरे:

```
#define GRAVE_ESC_CTRL_OVERRIDE
```

नसाल बनवत तर बेसवर साधं एस्केप राहू द्या, बॅकटिक लेयरवर.

ज्यांनी खरंच घेऊ नये असे लोक आहेतच. टॅलीवर दिवसभर एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स आणि वर नमपॅडवर आकडे, त्यांना प्रत्येक व्हाउचरला एफएन धरायला लावणं म्हणजे छळ. डीबगरमध्ये एफ१०-एफ११ बडवत बसणाऱ्यांनी पंचाहत्तर टक्केवाला घ्यावा, त्यात एफ-रांग असते. आणि बाकीच्यांनी विकत घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा की लेयर बदलता येतात का, नाही म्हणाला तर पुढचं दुकान.