मामांची कविता आणि माझा स्क्रीनशॉट

सासऱ्यांची, म्हणजे मामांची, सिद्धेश्वर तलावावरची कविता मंडळाच्या स्मरणिकेत छापून आली. तिची फ्रेम करून हवी, असं सासूबाईंनी फर्मावलं. स्मरणिकेची पीडीएफ लॅपटॉपवर होतीच. अख्खं पान स्क्रीनवर बसवलं, स्क्रीनशॉट काढला आणि नवी पेठेतल्या मित्राच्या दुकानात ए-फोर कागदावर छापायला दिला.

"हे फाटालंय बे," तो म्हणाला.

कागद तर धड होता. फाटली होती अक्षरं. 'चिंचेखाली' शब्दाचा अनुस्वार गायब होऊन 'चिचेखाली' झालं होतं. मित्रानं हिशोबच मांडला. माझ्या स्क्रीनची उंची 768 ठिपके. वरखालच्या पट्ट्या सोडून पानाला मिळाले 608. ए-फोरची उंची पावणेबारा इंच, म्हणजे इंचाला बावन्न ठिपके. बारा पॉइंटचं अक्षर त्यात जेमतेम नऊ ठिपक्यांचं, मग अनुस्वाराच्या वाट्याला किती येणार? पीडीएफमध्ये अक्षराचा आकार रेघांच्या हिशोबानं साठवलेला असतो, कितीही मोठा करा. आपण फोटो काढतो तो फक्त स्क्रीनवर पडलेल्या ठिपक्यांचा. छपाईला इंचाला तीनशे तरी लागतात.

मी घरी येऊन शहाणपणा केला. पान मोठं करून चार तुकडे टिपले आणि जोडले. चौथ्या वेळी झूम हलला होता. तलावाच्या मधोमध पायरी पडली.

शेवटी भाच्याला फोन. लॅपटॉपवर लिनक्स त्यानंच घातलेलं. त्यानं एक ओळ पाठवली:

```
pdftoppm -f 17 -l 17 -r 300 -png -singlefile smaranika.pdf kavita
```

`-f` म्हणजे कुठल्या पानापासून, `-l` कुठपर्यंत, `-r` म्हणजे इंचाला किती ठिपके. तो आकडा लिहिला नाही तर दीडशेवरच भागवतं. एंटर दाबलं आणि उघडून बघतो तर साड्यांच्या दुकानाची जाहिरात, पण काय ठळक! साडीची किंमतसुद्धा वाचता येत होती. पानावर छापलेला आकडा 17, पण मुखपृष्ठ आणि त्यामागचं कोरं पान धरून फाइलमधलं ते एकोणिसावं. दोन्हीकडे 19 घातलं, कविता आली. रुंदी 2480 ठिपके, उंची 3508. अनुस्वार चिंचेवर परत बसला.

खुशीत मित्राला व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवली. वाटेत तिचा आकार आक्रसला, पुन्हा "फाटालंय". मग डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तेव्हा आहे तशी पोचली.

फ्रेम भिंतीवर लागली. मामांनी चष्मा पुसून पुसून बघितली.

"कविता झकास दिसतीय. कवी का असा धुक्यात?"

कवितेशेजारचा त्यांचा फोटो खरंच धूसर होता. स्मरणिकेत आला तेव्हाच मुळात लहान, त्यामुळे तीनशे काय, सहाशे घातले तरी धुकं तेवढंच मोठं झालं असतं.

तो फोटो मंडळाला मीच दिला होता. फॅमिली ग्रुपवरून, स्क्रीनशॉट काढून.