गोठलेला खांदा आणि जोर लावून हात वर नेण्याचा सल्ला

«खांदा जखडला असेल तर दुखलं तरी रोज जोर लावून हात वर न्या, म्हणजे आतलं सुटतं. इंजेक्शन घेऊ नका, ते नुसतं दुखणं दाबतं. काही केलं नाही तरी दोन वर्षांत खांदा पूर्ण बरा होतो.»

मुळात प्रत्येक जखडलेला खांदा गोठलेला नसतो. बावन्न वर्षांच्या, मधुमेह असलेल्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. चार महिन्यांपासून त्यांना रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि पाठीमागचा हूक लावता येत नाही. कोपर कमरेशी टेकवून तपासणाऱ्याने त्यांचा हात बाहेर वळवला, तर चांगल्या बाजूला तो साठ अंश वळतो, दुखऱ्या बाजूला पंधरा अंशांवरच घट्ट अडतो. हात बाजूने वर नेणे त्याहून कमी आणि आत वळवणे सर्वांत कमी अडले आहे. आखडण्याचा हा क्रम सांध्याचे आवरणच आकसल्याची, म्हणजे खांदा गोठल्याची खूण आहे. स्नायूची दोरी फाटली असती, तर त्यांना स्वतःला हात उचलता आला नसता, पण दुसऱ्याने उचलल्यावर तो बहुधा गेला असता. सांध्याची झीज आणि मागे निखळलेला खांदा यांतही हात बाहेर वळत नाही, म्हणून एक्स-रे काढावाच.

बाई अजून गोठण्याच्या टप्प्यात आहेत, म्हणजे आवरणाला सूज आहे आणि वेदना भर धरते आहे. या काळात जोर लावल्यास सूज चाळवते. नेदरलँड्समध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 77 रुग्णांच्या अभ्यासात वेदनेच्या मर्यादेत हालचाल करणाऱ्यांपैकी 89 टक्क्यांचा खांदा दोन वर्षांत जवळजवळ पूर्ववत झाला, तर वेदना सोसून ताण देणाऱ्यांपैकी 63 टक्क्यांचाच. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ही त्याची मर्यादा. तरी जोर लावण्याच्या बाजूने तो नक्कीच बोलत नाही. व्यायामानंतरची ठणक रात्रभर टिकली, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. ताण वाढवण्याची वेळ वेदना ओसरून नुसता आखडलेपणा उरल्यावर येते.

सांध्यात दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन सूजच कमी करते, त्यामुळे त्याचा उपयोग याच आरंभीच्या टप्प्यात सर्वाधिक होतो. परिणाम काही आठवडे ते काही महिने टिकतो आणि तेवढ्या अवधीत सौम्य व्यायाम शक्य होतो. बाईंची साखर मात्र त्यानंतर काही दिवस वाढू शकते, तेव्हा ती रोज मोजावी लागेल.

दोन वर्षांत पूर्ण बरे होण्याची हमी देता येत नाही. वितळण्याचा, म्हणजे खांदा पुन्हा मोकळा होण्याचा टप्पा बहुतेकांना येतो, पण काहींचा थोडा आखडलेपणा वर्षानुवर्षे राहतो आणि मधुमेहींमध्ये हे अधिक दिसते. म्हणून शस्त्रक्रियेकडे धावावे असेही नाही. ब्रिटनमधील 503 रुग्णांच्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा हलवणे आणि दुर्बिणीतून आवरण कापणे यांत वर्षअखेर रुग्णाला जाणवेल एवढा फरक पडला नाही; गंभीर गुंतागुंती मात्र दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जास्त झाल्या. या बाईंना मी आधी इंजेक्शन आणि वेदनेच्या मर्यादेतील व्यायाम सुचवेन, आणि दर महिन्याला तो पंधरा अंशांचा आकडा पुन्हा मोजेन.