डॉलरच्या कर्जातले ‘पावणेतीन टक्के’ जातात कुठे?

“भाऊ, बँकेला सव्वानऊ टक्के व्याज कशाला भरता? तेच कर्ज डॉलरमध्ये साडेसहा टक्क्यांनी मिळतं. फॉरवर्ड बुक करून टाका, म्हणजे रुपया पडला तरी चिंता नाही. वर्षाला पावणेतीन टक्के सरळ खिशात.”

जळगावच्या डाळ मिलवाल्यांत हा मेसेज सध्या हातोहात फिरतो आहे. त्यातला साडेसहाचा दर खोटा नाही आणि फॉरवर्ड बुक केला, म्हणजे फेडीच्या दिवसाचा डॉलरचा भाव आजच बँकेकडे पक्का केला, की धोका जातो, हेही खरं. पण ही दोन वाक्यं एकाच हिशेबात बसवली की बचत उरत नाही.

एमआयडीसीतली एक मिल धरू. तिला एका वर्षासाठी ५ लाख डॉलर घ्यायचेत. दर रोज हलतात, म्हणून गोल आकडे घेतो. बाजारभाव ८५ रुपये. बँक हे डॉलर मिलकडून ८४.९० ने विकत घेते, म्हणजे हातात येतात ४ कोटी २४ लाख ५० हजार. वर्षाने व्याजासकट ५,३२,५०० डॉलर परत करायचे. ते डॉलर आजच्या भावाने मिळत नाहीत. एक वर्ष पुढचा भाव ८७ आहे. वरचे २ रुपये हाच फॉरवर्ड प्रीमियम. त्यावर बँकेचे दहा पैसे, म्हणजे ८७.१०. फेड झाली ४ कोटी ६३ लाख ८० हजार ७५० रुपये. मिळालेली रक्कम वजा करा: खर्च ३९ लाख ३० हजार ७५०, म्हणजे ९.२६ टक्के. रुपयातलं कर्ज होतं ९.२५ चं! प्रोसेसिंग फी आणि फॉरवर्डसाठी अडकलेली लिमिट यात धरलेलीच नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने फॉरवर्डला विम्याच्या किरकोळ हप्त्यासारखं धरलंय. प्रीमियम तसा ठरतच नाही. रुपया पडेल की नाही, याचा तो अंदाजही नसतो. तो मुख्यतः दोन चलनांच्या व्याजातला फरक असतो. समजा प्रीमियम फरकापेक्षा बराच कमी राहिला. मग मोठ्या बँका स्वतःच डॉलर उसने घेतील, ते विकून रुपये व्याजाने लावतील आणि परतफेडीचे डॉलर फॉरवर्डमध्ये घेऊन ठेवतील. सगळेच फॉरवर्ड घ्यायला धावले की प्रीमियम चढतो आणि फट बुजते. दाणा बाजारात बसलेल्या माणसाच्या आधी ती फट मुंबईतल्या बँकांच्या ट्रेझरीला दिसते, एवढं तरी मानायला हवं.

जुने आकडे पाहा. २०२१ मध्ये अमेरिकेचा धोरणदर शून्याच्या जवळ होता, आपला रेपो ४ टक्के. वर्षाचा प्रीमियम ४ टक्क्यांच्या वर होता. २०२३ च्या अखेरीस तिकडचा दर सव्वापाच-साडेपाचवर गेला, आपला रेपो साडेसहावर होता आणि प्रीमियम २ टक्क्यांच्या खाली उतरला. डॉलरचं व्याज स्वस्त असतं तेव्हा फॉरवर्ड महाग, फॉरवर्ड स्वस्त असतो तेव्हा डॉलरचं व्याज महाग. येनचं तर व्याज आणखी कमी, म्हणून प्रीमियम आणखी मोठा. कधी पाव-अर्धा टक्का सुटतो, नाही असं नाही. पण तो बँकेच्या मार्जिनमध्ये सहज विरतो.

“मग फॉरवर्डच नको, रुपया वर्षात कितीसा पडणार?” हा पुढचा सल्ला ठरलेलाच. मे २०१३ च्या सुरुवातीला डॉलर ५४ च्या आसपास होता आणि ऑगस्टअखेर त्याने ६८ ओलांडले. तेव्हा न झाकलेलं कर्ज फेडणाऱ्याला मुद्दलातच पाव हिस्सा जादा मोजावा लागला. शिवाय २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा उघड्या जोखमीपोटी बँकेला जादा तरतूद करावी लागते. तो भार कर्जाच्या दरात येऊ शकतो.

काही सल्लागार मधला रस्ता काढतात: ‘साडेसहा अधिक एक टक्का हेजिंग’. असा कागद समोर आला की बारीक बघा. बहुतेकदा अर्धंच मुद्दल झाकलेलं असतं, किंवा व्याजाचे डॉलर सोडून दिलेले असतात, किंवा ठरावीक भावापर्यंतच संरक्षण देणारा ऑप्शन असतो. त्या भावाच्या वर डॉलर गेला की नुकसान पुन्हा तुमचं.

रावेरचा केळी निर्यातदार डॉलरमध्येच कमावतो, त्याला फॉरवर्ड घ्यावा लागत नाही. पण त्याचंही कर्ज स्वस्त म्हणताना थांबा. तेच येणारे डॉलर त्याने आज फॉरवर्डमध्ये विकले असते, तर तो प्रीमियम त्याच्या पदरात पडला असता. कर्जफेडीला डॉलर गेले, की तेवढ्यावरचा प्रीमियम त्याने सोडला. त्याची खरी सोय वेगळी आहे: भाव ठरवण्याची कटकट जाते आणि आलेले डॉलर विकून फेडीला पुन्हा विकत घेण्याचे पैसे वाचतात.

तेव्हा बँकेत व्याजाचा दर विचारू नका. फेडीच्या नेमक्या तारखेला, मुद्दल आणि व्याज मिळून, सगळे डॉलर कोणत्या भावाने देणार ते लेखी मागा. प्रीमियम पैशांत सांगितला तर तो बाजारभावात मिळवून पूर्ण आकडा घ्या आणि आज हातात येणाऱ्या रुपयांशी ताडून बघा.