पार्सल परक्याचं, पत्ता आपला

"माझी सून इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. तिला घरबसल्या काम मिळालंय. घरी पार्सलं येतात, ती उघडून बघायची, फोटो काढायचे, नवं लेबल लावून पुढे पाठवायची. ती कोणाचं काही चोरत नाही, मग यात चुकीचं काय? आमच्याकडे काहीजण म्हणतात सोड, काहीजण म्हणतात निदान पहिला पगार तरी घे." – म्हापशाहून

सोडावं, आणि पगाराची वाट न बघता आजच सोडावं. तो पगार येणार नाही, आणि तो का येणार नाही हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

समजा, सून 3 तारखेला कामाला लागली. महिन्याला 1,800 पौंड आणि पार्सलमागे 15 पौंड असं ठरलं. पहिला महिना 'ट्रायल', पगार पुढच्या 3 तारखेला. करारासाठी पासपोर्टची प्रत, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि घरच्या पत्त्याचा पुरावा मागितला. एका वेबसाइटचं लॉगिन दिलं. 6 तारखेला पहिला खोका आला, त्यात चाळीसेक पौंडांचा स्पीकर होता. तिने बिलाचा आणि वस्तूचा फोटो चढवला, तासाभरात वेबसाइटवर छापायला तयार लेबल आलं. जुनं लेबल सोलायचं, नवं चिकटवायचं, पोस्टात देऊन पावतीचा फोटो चढवायचा. दुसऱ्या आठवड्यापासून खोके लहान आणि महाग झाले: नवा फोन, कॅमेऱ्याची लेन्स, लॅपटॉप. सगळं असं की जे उद्याच्या उद्या विकलं जातं.

हा माल चोरलेल्या कार्डांवर घेतलेला असतो. चोराची अडचण अशी की इंग्लंडच्या माणसाचं कार्ड आणि माल पाठवायचा पत्ता दूर परदेशातला, अशी ऑर्डर दुकानाला लगेच खटकते. अनेक दुकानं काही देशांत माल पाठवतच नाहीत. पण त्याच देशातला, जमलं तर कार्डधारकाच्याच भागातला, साधा राहता पत्ता दिला की ऑर्डर भेटवस्तूसारखी दिसते. टोळीला सुनेच्या हातांची गरज नसते, खोके कोणीही बांधेल. तिला हवा असतो तो तिचा पत्ता.

आणि हा पत्ता फार दिवस टिकत नाही. आपल्या कार्डावर परस्पर खरेदी झाली हे कोणा कार्डधारकाला बँकेच्या अ‍ॅपवर त्याच दिवशी कळतं, कोणाला महिन्याचं स्टेटमेंट आल्यावर. मग तो बँकेला सांगतो, बँक दुकानाकडून पैसे परत घेते, दुकान ऑर्डर उघडून बघतं तर समोर स्विंडनचा पत्ता. दोन-तीन दुकानांत असं झालं की त्या पत्त्यावर माल येणं थांबतं. या सगळ्याला साधारण महिना लागतो, म्हणजे पगाराची तारीख बरोबर तिथे ठेवलेली असते जिथे पत्ता निकामी होतो. 2 तारखेला लॉगिन बंद, फोन बंद. 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा काही टोळ्यांच्या आतल्या नोंदी तपासल्या, तेव्हाही हेच दिसलं: महिनाभर राबवून घ्यायचं आणि पैसे देण्याआधी संबंध तोडायचा. त्या नोंदींतला बहुतांश माल मॉस्को आणि आसपासच्या भागात गेला होता.

आता गावातल्या वादाकडे. म्हापशाहून, फोंड्याहून, वास्कोहून जी मतं कानावर येतात ती एकमेकांपासून फार लांब आहेत, आणि प्रत्येकात थोडं तथ्य आहे.

फोंड्याचे एक काका ठामपणे सांगतात, "खोका उघडूच नको. आत काय आहे ते ठाऊक नाही म्हटलं की कोणी धरत नाही." यातलं अर्धं बरोबर आहे. न उघडलेला खोका परत करणं फार सोपं असतं. पण या कामात खोका उघडून फोटो काढणं हीच पहिली पायरी आहे. शिवाय इंग्लंडच्या 2002 च्या प्रोसीड्स ऑफ क्राइम अ‍ॅक्टमध्ये ती वस्तू गुन्ह्यातली आहे हे ठाऊक असणं जसं मोजतात, तसा नुसता संशय असणंही मोजतात. त्यातली कमाल शिक्षा 14 वर्षांची आहे. याचा अर्थ प्रत्येकाला तुरुंग होतो असा नाही. पण ज्या दिवशी सुनेने घरी फोन करून "मला हे जरा विचित्र वाटतंय" असं म्हटलं, त्या दिवसानंतर पाठवलेला खोका आणि आधीचा खोका, यांत फरक पडला. पगारापर्यंत थांब म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही. त्यांचा सल्ला मायेपोटी असतो आणि तो तिला जास्त खोलात नेतो.

मडगावच्या एका मुलीला वाटलं की प्रश्न कस्टम ड्युटीचा आहे. तिचा भाऊ दुबईहून येणाऱ्याच्या हातून फोन पाठवतो, त्यावर किती भरावं लागेल, असं ती विचारत राहिली. तिचा प्रश्न वेगळा, पण त्याने एक गोष्ट लख्ख दाखवली. गोव्यात दुसऱ्याचं पार्सल पुढे नेणं हा रोजचा व्यवहार आहे. मोपाला किंवा दाबोळीला उतरणाऱ्याच्या बॅगेत कोणाची तरी औषधं असतात, जाणाऱ्याच्या बॅगेत कोणाची तरी सोलं, सुंगटं, बेबिंका. नाही म्हणणं माणुसकीला सोडून वाटतं. म्हणून 'पार्सल पुढे पाठवायचं काम' ऐकलं की आपल्याकडे कोणाच्या मनात धोक्याची घंटा वाजत नाही. पण त्या बॅगेतल्या पुडीमागे एक ओळखीचा माणूस उभा असतो. काही झालं तर त्याच्या दारात जाता येतं. इथे परदेशात कुरिअरवाला, दुकान, बँक, यांपैकी कोणीच माणूस ओळखत नाही, ते पत्ता ओळखतात. त्या खोक्यामागे उभी असलेली एकमेव खरी व्यक्ती म्हणजे सून.

वास्कोचे एक गृहस्थ आयुष्यभर क्लिअरिंग एजंटचं काम करत आले. त्यांनी पैशांबद्दल काही न विचारता एकच गोष्ट विचारली: "कस्टमच्या फॉर्मवर पाठवणारा म्हणून नाव कोणाचं, आणि किंमत काय लिहिली?" खरी मेख तिथे आहे. इंग्लंडहून परदेशी जाणाऱ्या पार्सलला सीएन 22 किंवा सीएन 23 हा फॉर्म लागतो. 900 पौंडांच्या फोनवर 'भेट, वापरलेले कपडे, 20 पौंड' असं लिहायला सांगतात आणि खाली सही सुनेची असते. चोरीच्या मालाबद्दल ती अनभिज्ञ होती हे पटवून देता येईलही. पण फोन स्वतःच्या हातांनी खोक्यात ठेवून वर कपडे लिहिले, हे अज्ञान नव्हे.

त्या गृहस्थांनी आणखी एक भेद सांगितला. पार्सल फॉरवर्डिंगचा खरा धंदाही असतो. त्यात गिऱ्हाईक स्वतःच्या नावाने खरेदी करतो, गोदामाच्या पत्त्यात त्याचा खातेक्रमांक असतो, आणि पुढे पाठवायचे पैसे तो गोदामाला देतो. सुनेच्या घरी येणाऱ्या खोक्यावर नाव तिचं, बिलावर नाव तिसऱ्याचं आणि नव्या लेबलावर चौथ्याचं असतं. खरी कंपनी अनोळखी माणसाच्या जेवणाच्या टेबलावर लाखभराचा माल तपासायला पाठवत नाही, कारण त्या मालाचा विमा, गोदाम आणि हिशेब तिच्याकडे असतो.

"हे तिकडचं झालं, आपल्याकडे नाही", असंही ऐकू येतं. हे मला मान्य नाही. भारतात कार्डाला ओटीपी लागतो म्हणून रीत थोडी बदलते, एवढंच. कोणाकडून तरी ओटीपी काढून घेतात, त्या पैशांनी फोन मागवतात आणि पत्ता म्हापशाचा किंवा कुडचड्याचा देतात. इथे एक खूण अगदी हाताशी आहे. महाग वस्तू देताना डिलिव्हरीवाला ओटीपी विचारतो, आणि तो घरातल्या माणसाच्या मोबाईलवर आलेलाच नसतो. 'साहेब' तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. ज्या वस्तूचा ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर येतो, ती वस्तू आपल्या दारात का आली, एवढं दारात उभ्याउभ्या विचारता येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये आता फसवणुकीने मिळवलेला मालही चोरीचा माल धरला जातो. तसं मानायला कारण असूनही तो बेइमानीने घेतला किंवा ठेवला, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

सुनेने आता करायचं ते असं. घरात जे खोके आहेत ते हलवायचे नाहीत. पुढे पाठवायचे नाहीत, आणि 'आमचा माणूस येऊन नेईल' म्हटलं तरी द्यायचे नाहीत. वेबसाइट अजून उघडत असेल तर आधी तिचे स्क्रीनशॉट घ्यायचे: आलेल्या पार्सलांची यादी, ट्रॅकिंग नंबर, छापलेली लेबलं, सूचनांचे मेसेज. मी पोलिसांत जाते असं त्यांना सांगायचं नाही, नाहीतर पाच मिनिटांत सगळं पुसलं जाईल. सोललेली जुनी लेबलं कचऱ्यात असतील तर तीही काढून ठेवायची. मग बिलावरचा ऑर्डर नंबर घेऊन थेट त्या दुकानाला फोन करायचा. फोन नंबर दुकानाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यायचा, टोळीच्या मेसेजमधून नाही. माल परत कसा न्यायचा ते दुकान सांगतं. नवा खोका दारात आला तर तो घ्यायचाच नाही. तक्रार इंग्लंडमध्ये 0300 123 2040 वर. गोव्यात कोणी असं काम करत असेल तर 1930 किंवा cybercrime.gov.in, किंवा सरळ रायबंदरचं सायबर पोलीस ठाणं. पासपोर्टची प्रत दिली आहे, तेव्हा बँकेलाही कळवायचं आणि आपल्या नावाने नवं खातं किंवा कर्ज निघालं आहे का, ते पुढचे काही महिने क्रेडिट रिपोर्टवर बघत राहायचं.

एका गोष्टीवर मात्र घरी आणि इथे, दोन्हीकडे एकमत होत नाही. आधी पाठवलेल्या खोक्यांचं काय? वास्कोचे गृहस्थ म्हणतात, सगळी यादी आपणहून द्यावी. फोंड्याच्या काकांना वाटतं, विचारल्याशिवाय एक अक्षर बोलू नये. ज्याचं कार्ड चोरीला गेलं त्याला बहुधा बँक पैसे परत देते, नुकसान दुकानाच्या माथी बसतं, आणि काही दुकानं अगदी लहान असतात. माझा कल यादी देण्याकडे आहे. पण सहीचे फॉर्म खोटे भरले असतील, तर यादी देण्याआधी तिने तिथल्या वकिलाशी अर्धा तास बोलावं, आणि तोवर घरच्यांनी तिला दोष देत रोज फोन करू नयेत.