‘लाचारी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर: नाकारलेली रजा पुन्हा मागताना

प्रतिक्रिया (निनावी): “लेख वाचला. इतकं गुळमुळीत लिहून रजा मागायची म्हणजे निव्वळ लाचारी. रजा हा हक्क आहे. माणसं कमी घेतली ती मॅनेजमेंटने, मग ‘टीमवर कामाचा ताण आहे याची मला जाणीव आहे’ हे वाक्य आम्ही का लिहायचं? तुम्ही कधी खालच्या पदावर काम केलेलं दिसत नाही. साहेबच खडूस असेल तर काय, यावर एक ओळ नाही. आणि मसुदा केवढा लांब!”

उत्तर:

नमस्कार.

नाकारलेली रजा पुन्हा कशी मागावी यावरच्या माझ्या लेखाबद्दल, आणि त्यात दिलेल्या मेलच्या मसुद्याबद्दल, तुम्ही लिहिलंत. मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘लाचारी’ हा शब्द तुम्ही मला उद्देशून लिहिला असलात तरी तो लागतो दुसऱ्यांनाच. रजा नाकारल्यावर संध्याकाळी घरी बसून चार ओळी पुन्हा पुन्हा खोडून लिहिणारी माणसं माझा ब्लॉग वाचतात. त्यांच्या घरात लग्न असतं, आजारपण असतं, गावी सण असतो. त्यांच्या मेसेजला लाचारी म्हणायचं आणि स्वतःचं नावही लिहायचं नाही, हे मला पटलं नाही. वेगळं मत सभ्य शब्दांतही मांडता आलं असतं.

खालच्या पदाबद्दल. माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात, हजेरीचं मस्टर भरण्याची. त्याहून खालचं टेबल त्या ऑफिसात नव्हतं. बहिणीच्या लग्नासाठी टाकलेला माझा अर्ज ‘काम जास्त’ एवढे दोन शब्द लिहून परत आला होता. मी साहेबांना एवढंच विचारलं, “सर, नेमकं कोणतं काम अडतंय?” उत्तर आलं, ओव्हरटाइमचा हिशोब. तो मी लग्नाच्या आधी पुरा करून दिला आणि लग्नाला गेले. हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणी आणलं नाही. पुढे बरीच वर्षं मी पेरोलची टीम सांभाळली, म्हणजे अर्ज माझ्याकडे यायला लागले. दोन्ही बाजूंना बसून पाहिलेलं मी लिहिते. तुम्ही अंदाजाने लिहिलंत.

आता तुम्हाला टोचलेल्या त्या वाक्याकडे येते, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

रजा नाकारली जाते तेव्हा बहुतेक वेळा समोरच्याच्या मनात तुमच्याविषयी काही नसतं. त्याच्यापुढे एक कॅलेंडर असतं. पगाराची तारीख, जीएसटीची 11 आणि 20 तारीख, टीडीएस भरायची 7 तारीख, आणि त्याच आठवड्यासाठी आलेले आणखी दोघांचे अर्ज. सिस्टिममध्ये ‘रिजेक्ट’ दाबलं की कारणाचा एक चौकोन येतो, त्यात तो ‘वर्कलोड’ असं टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्याने दिलेलं कारण हे एकच आहे. मग पुन्हा मागताना त्या एकमेव कारणाबद्दल अवाक्षर न काढता आपली अडचण जास्त कळकळीने सांगितली, तर त्याला निर्णय बदलायला काय आधार मिळणार? अडचण त्याला पहिल्या अर्जातही कळलेली होती.

म्हणून कामाचा उल्लेख करायचा. ते साहेबांचं सांत्वन नसतं. ‘ताण आहे याची जाणीव आहे’ एवढ्यावर थांबलात तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते वाक्य पोकळ आहे. पण माझ्या मसुद्यात त्यापुढे कामाचं नाव, तारीख आणि ते कोण करणार हे लिहिलेलं होतं. तुम्ही पहिलं वाक्य वाचलंत आणि तिथेच रागावलात.

एक खरं उदाहरण देते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, बुधवारी. गौरी-गणपतीचं विसर्जन 2 सप्टेंबरला, मंगळवारी. माझ्या ओळखीतली एक मुलगी पुण्यातल्या एका कंपनीत पेरोल बघते. रत्नागिरीकडचं घर, भावकीत गणपतीची पाळी फिरती, आणि त्या वर्षी पाळी तिच्या वडिलांकडे. तिने जुलैतच 26 ऑगस्ट ते 2 सप्टेंबर असा अर्ज टाकला. चतुर्थीची सुट्टी आणि मधला रविवार वगळला तर सहा दिवसांची रजा. शेरा आला: ‘मंथ एंड, पेरोल. नॉट पॉसिबल.’

तिने लगेच उत्तर पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलाशी जाऊन विचारलं की पूर्ण आठवडाच अडचणीचा आहे की काही ठरावीक दिवस. कळलं ते असं: त्यांच्याकडे हजेरी 25 तारखेला बंद होते, 26 ला पगाराचा कच्चा तक्ता निघतो, आणि शुक्रवारी 29 ला पगार जमा होण्यासाठी बँकेची फाइल चढवायची असते. बाकी दिवसांचं साहेबांना काही नव्हतं. अडचण होती दोन दिवसांची. नकार मात्र सहाही दिवसांना मिळाला होता.

मग तिने मेल लिहिला. मूळ इंग्रजीत होता, मराठीत देते:

> सर, 26 ऑगस्ट ते 2 सप्टेंबरच्या माझ्या रजेचा पुन्हा विचार व्हावा अशी विनंती आहे. महिनाअखेर असल्याने 26 चा कच्चा तक्ता आणि 29 ची बँक फाइल ही दोन कामं अडतात, हे काल तुमच्याशी बोलून समजलं.
>
> त्यानुसार मी 26 ला पूर्ण दिवस येईन आणि तक्ता तपासूनच निघेन. रजा 28 पासून धरावी, म्हणजे एक दिवस कमी होतो. बँक फाइल मार्चमध्ये मी नसताना ज्या सहकाऱ्याने केली होती, तोच 29 ला करायला तयार आहे. त्याच्याशी बोलले आहे. नवीन रुजू झालेल्यांची आणि सोडून गेलेल्यांची यादी 25 ला त्याच्याकडे देईन. 29 ला सकाळी 11 ते 12 मी फोनवर असेन. 3 सप्टेंबरला हजर होऊन टीडीएसचं चलन 4 ला तयार ठेवते.
>
> या वर्षी घरच्या गणपतीची पाळी आमच्याकडे आहे, त्यामुळे 27 ते 2 या तारखा बदलता येत नाहीत. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर कामं सोपवायला पुरेसा वेळ मिळेल.

यात लाचारी कुठे आहे, ते मला दाखवा. ‘प्लीज’ नाही, ‘कृपा करा’ नाही, ‘मी आजवर कधी रजा घेतली नाही’ नाही. स्वतःचं कारण एका ओळीत आहे आणि तेही शेवटी, कारण त्यावर वाद नव्हताच. कोणत्या तारखा हलू शकतात आणि कोणत्या नाहीत हे स्पष्ट आहे. ती 26 ला रात्रीच्या गाडीने निघाली तरी चतुर्थीच्या सकाळी घरी पोचणार होती, म्हणून तो दिवस तिने सोडला. 2 तारीख सोडली नाही. उत्तर कधीपर्यंत हवं तेही लिहिलं. नाहीतर ‘बघू’ म्हणत 25 तारीख उजाडते, आणि मग दुसऱ्याला काम समजावायलाही वेळ उरत नाही.

सहकाऱ्याशी ती आधी बोलली होती, ही गोष्ट मी मुद्दाम दाखवते. पुष्कळ जण ‘अमुक करेल’ असं परस्पर लिहून टाकतात, साहेब त्याला विचारतात, तो म्हणतो “मला काहीच माहीत नाही”, आणि सगळा अर्ज तिथेच पडतो. शिवाय त्या सहकाऱ्याने ते काम आधी केलेलं होतं. ज्याने बँकेची फाइल कधी पाहिली नाही त्याचं नाव दिलं असतं तर ते नाव असून नसून सारखंच.

पाच दिवस मंजूर झाले. साहेबांनी एक अट घातली, 25 ची यादी त्यांनाही पाठवायची. तिने मान्य केली.

हे नेहमी जमतं असं मी लेखातही म्हटलेलं नाही. त्याच तारखांना दोघं आधीच मंजूर रजेवर असतील तर कितीही नेटका मेल लिहा, पूर्ण रजा मिळणं कठीण. तिथे अर्धे दिवस मागावेत. आणि उत्तर कशाबद्दल आलंय ते बघावं. ‘29 चं काय करणार?’ असा प्रश्न आला तर बोलणी चालू आहेत. ‘एकदा सांगितलं ना’ असं आलं तर त्या टेबलावरचं बोलणं संपलं. मग तोच मेल एचआरकडे, साहेबांना प्रत ठेवून. पहिल्याच मेलला एचआरला प्रत टाकू नये. तशी टाकली की साहेब रजेचा विचार सोडून स्वतःची बाजू सावरायला लागतात. टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर हा विषय काढूच नये. चारचौघांत दिलेला नकार मागे घेणं कोणालाही जड जातं.

हक्काचं म्हणाल तर तुम्ही कायदा वाचलेला दिसत नाही. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा ज्यांना लागू आहे, त्यांना वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. वर्षात 240 दिवस काम केलं असेल तर दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी मागितलेली ही साठलेली रजा मालकाने नाकारली, तर 45 च्या वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कायदा देतो. नीट वाचा: पैसे मागण्याचा. मालक रजा नाकारू शकतो हे कायद्याने गृहीतच धरलंय. सरकारी नोकरीत तर 1981 च्या रजा नियमांत सरळ लिहिलंय की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. रजा शिल्लक असणं हा तुमचा हक्क, पण तारीख मंजुरीनेच मिळते. त्या मुलीला हक्काच्या भाषणाने 27 ऑगस्टला रत्नागिरीला पोचता आलं नसतं. आणि पैसे घेऊन तिने काय केलं असतं? पाळी परत यायला काही वर्षं जातात.

माणसं कमी घेतली हा मॅनेजमेंटचा दोष आहे, यात शंका नाही. तो विषय वेगळा आहे. तो टीम मीटिंगमध्ये, आकड्यांसकट, सगळ्यांनी मिळून मांडायचा असतो. एकट्याच्या रजेच्या मेलमध्ये तो घुसवला की दोन्ही गोष्टी बुडतात.

खडूस साहेबांसाठी वेगळी युक्ती माझ्याकडे नाही. तिथे एकच जास्तीची काळजी घ्यावी की अर्ज आणि नकार दोन्ही लेखी असावेत, तोंडी नकार मिळाला तर ‘आज बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून मेल टाकून ठेवावा. नाकारलेल्या रजेचे पैसे मागायची वेळ आली तर तोच कागद लागतो.

मसुदा लांब होता, हे मान्य. शेवटचा परिच्छेद आज काढून टाकला आहे.

तुमचाही एखादा अर्ज नाकारला गेला असेल, आणि तुमच्या सुरावरून मला तसं वाटतंय, तर साहेबांनी दिलेलं कारण जसंच्या तसं इथे लिहा. तारखा आणि तुमच्याकडची कामंही लिहा. त्यावर मी सविस्तर उत्तर देईन. नुसत्या विशेषणांना यापुढे देणार नाही.